साडेसात वाजले, पण चेंडू कुठंय?

१ जून २०२५, रविवार. आयपीएलचा दुसरा क्वालिफायर सामना, मुंबई इंडियन्स विरुद्ध पंजाब किंग्ज, अहमदाबाद. सात वाजता नाणेफेक झाली. पंजाबने ती जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं, दोन्ही संघांच्या अकरा जणांची यादी जाहीर झाली. जेवणं लवकर उरकून मंडळी साडेसातला टीव्हीसमोर, मोबाइलसमोर बसली, आणि तेवढ्यात पाऊस आला. पहिला चेंडू पडला पावणेदहाला. म्हणजे सव्वादोन तास उशीर, तरीही खेळ पूर्ण वीस-वीस षटकांचा झाला. मुंबईने २०३ धावा केल्या आणि श्रेयस अय्यरच्या नाबाद ८७ धावांच्या जोरावर पंजाबने एक षटक राखून सामना जिंकला. तोवर घड्याळात दुसरा दिवस उजाडला होता.

त्याच्या पंधरा दिवस आधी, १७ मे रोजी बंगळुरूत बंगळुरू आणि कोलकाता या संघांचा सामना होता. तिथे नाणेफेकसुद्धा झाली नाही. पाऊस पडत राहिला आणि साडेदहाच्या आत सामना रद्द झाला. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, २८ मे २०२३ रोजी चेन्नई आणि गुजरातचा अंतिम सामना असाच पावसात अडकला. तो रद्द झाला नाही, दुसऱ्या दिवसावर गेला.

तीन संध्याकाळी, तीन वेगळे शेवट. घरी बसलेल्या माणसाला मात्र आठ-साडेआठच्या सुमारास पडद्यावर तिन्ही वेळा जवळजवळ एकच चित्र दिसत होतं: झाकलेली खेळपट्टी, छत्र्या, स्टुडिओत गप्पा मारणारे माजी खेळाडू. मग कुठल्या दिवशी जागायचं आणि कुठल्या दिवशी झोपायचं, हे कसं ठरवावं? ते ठरवता येतं. फक्त त्यासाठी अॅपवरच्या लाल ‘लाइव्ह’ बिल्ल्याकडे बघून चालत नाही.

तो बिल्ला कार्यक्रमपत्रिकेचा असतो, सामन्याचा नसतो. स्ट्रीमिंग सेवेसाठी ‘कार्यक्रम’ नाणेफेकीच्याही आधी सुरू होतो. स्टुडिओतली चर्चा, खेळपट्टीचा अंदाज, मुलाखती हे सगळं थेट प्रक्षेपणच असतं आणि त्यावर लाइव्ह लिहिलेलं अगदी खरं असतं. पाऊस आला म्हणून ते प्रक्षेपण थांबत नाही, कारण जाहिराती विकलेल्या असतात आणि लाखो लोक जोडलेले असतात. मग वेळ भरायला जुन्या सामन्यांची क्षणचित्रं लागतात. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. स्वयंपाकघरातून येता येता कुणीतरी धोनीचा षटकार बघतं आणि ‘अहो, सुरू झाली मॅच’ म्हणून हाक देतं. षटकार पाच वर्षांपूर्वीचा असतो.

अशा वेळी पडद्याची खालची कड बघावी. चालू सामन्यात तिथे धावांची पट्टी असते: संघ, धावा, बळी, षटकं, फलंदाजांची नावं. क्षणचित्रांत एक तर ती पट्टी नसते, नाहीतर जुन्या धाटणीची असते आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘हायलाइट्स’ किंवा सालाचा आकडा असतो. पोशाखही बघावा. आयपीएलचे संघ जवळजवळ दरवर्षी जर्सीवरची प्रायोजकांची नावं बदलतात. त्यामुळे छातीवरचं नाव ओळखीचं नसेल, तर तो खेळ आजचा नाही.

अधिकृत अॅपच्या बाहेर तर ‘लाइव्ह’ या शब्दावर मुळीच भरवसा नको. २०२२ च्या जुलैत गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात पोलिसांनी एक चक्क बनावट आयपीएल पकडली. शेतावर मैदान आखलेलं, दिवे लावलेले, शेतमजुरांना जर्सी घातलेल्या, आणि यूट्यूबवरून ते ‘सामने’ थेट दाखवून रशियातल्या लोकांकडून सट्टा घेतला जात होता. पकडले गेले तेव्हा स्पर्धा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचली होती! ते प्रक्षेपण लाइव्ह होतं, यात शंका नाही.

तर सामना सुरू झाला की नाही, याचा खरा पुरावा एकच, तो म्हणजे पडलेला चेंडू. त्यासाठी चित्राची गरजच नाही. क्रिकइन्फो किंवा क्रिकबझसारख्या धावफलकाच्या ठिकाणी सामन्याचं पान उघडावं आणि षटकांचा आकडा बघावा. तिथे 0.1 दिसलं की पहिला चेंडू पडला. षटकांचा आकडाच नसेल आणि फक्त नाणेफेकीचा निकाल असेल, तर सामना सुरू झालेला नाही, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. अहमदाबादच्या त्या रात्री सात वाजल्यापासून पावणेदहापर्यंत हीच अवस्था होती. नाणेफेक झाली, संघ ठरले, पण खेळ नाही. पुष्कळ लोक नाणेफेकीला सुरुवात समजतात. ती तशी नसते, मात्र एक गोष्ट ती नक्की सांगते. सात वाजता मैदान खेळण्याजोगं होतं, म्हणजे पुढचा उशीर नंतर आलेल्या पावसाचा आहे. नाणेफेकच झाली नसेल, तर गाडी आणखी मागे आहे. पाऊस थांबल्यावर आधी मैदान सुकवायचं, मग पाहणी, मग नाणेफेक आणि त्यानंतर खेळाडू बाहेर.

धावफलक आणि चित्र यांच्यात थोडं अंतर असतं, तेही लक्षात ठेवावं. मैदानावरचं चित्र कॅमेऱ्यातून निघून, छोट्या छोट्या तुकड्यांत कापलं जाऊन, इंटरनेटवरून तुमच्या फोनपर्यंत येतं. त्यात अर्ध्या-पाऊण मिनिटाचा उशीर सहज होतो. धावफलकावर चेंडू आधी पडतो आणि फोनवर नंतर. म्हणून धावफलकावर 0.2 आणि फोनवर गोलंदाज अजून धाव मोजतोय, असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. पण हे अंतर पाच-दहा मिनिटांचं असेल, तर प्रक्षेपण मागे राहिलेलं नाही, तुम्ही मागे आहात. मध्येच कुणाचा फोन आला, चित्र थांबलं आणि तुम्ही पुन्हा सुरू केलं की अॅप बहुतेक वेळा थांबलेल्या जागेवरून पुढे जातं. प्लेअरच्या पट्टीत शेवटच्या टोकाला नेणारं बटण असतं, ते दाबलं की सध्याच्या क्षणाला येता येतं.

आता उशीर किती, या प्रश्नाकडे येऊ. इथे लोक पहिली चूक करतात ती हवामानाचं अॅप उघडण्याची. पाऊस थांबला म्हणजे खेळ सुरू, असं नसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडात अफगाणिस्तान आणि न्यूझीलंडची कसोटी होती. पहिल्या दिवशी आकाश बऱ्यापैकी मोकळं होतं, तरी आदल्या पावसाने मैदानाची सीमेकडची जागा इतकी भिजली होती की खेळ होईना. मैदानावरचे कर्मचारी ओल सुकवायला टेबलफॅन लावून बसले. पाचही दिवस गेले, एकही चेंडू न टाकता कसोटी रद्द झाली. खेळपट्टी आच्छादनाखाली कोरडी राहते, प्रश्न बाहेरच्या मैदानाचा असतो. धावत येणारा क्षेत्ररक्षक घसरला तर गुडघा जातो आणि पंच तो धोका पत्करत नाहीत.

म्हणून विचारायचा प्रश्न पाऊस थांबला का हा नाही, पंचांची पुढची पाहणी किती वाजता हा आहे. पंच मैदानात उतरतात, सीमेजवळ टाचेने जमीन दाबून बघतात, मैदानाच्या मुख्य कर्मचाऱ्याशी बोलतात आणि दोन्ही कर्णधारांना सांगतात. मग एक वेळ जाहीर होते. ती समालोचक सांगतात, स्पर्धेच्या अधिकृत खात्यावर येते, धावफलकाच्या पानावर वरच्या ओळीत लागते. पाहणीची वेळ दिलेली असेल तर बातमी चांगली आहे, कारण याचा अर्थ पाऊस थांबलाय आणि कुणीतरी काम करतंय. त्या वेळेनंतर खेळ लगेच सुरू होत नाही. पाहणी समाधानकारक झाली तरी खेळाडूंना अंग मोकळं करायला वेळ देतात, आणि नाणेफेक राहिली असेल तर ती व्हायची असते. पाहणी आठला असेल, तर साडेआठच्या आत चेंडूची अपेक्षा धरू नये. आणि पाहणीची वेळच नसेल, नुसतं Start delayed असेल, तर अजून पाऊस पडतोय असं समजून खुशाल जेवायला बसावं.

पण पंचांना तरी किती वेळ वाट बघता येते? त्याला मुदत असते. तिचा हिशेब कागदावर मांडता येतो, आणि बंगळुरूच्या सामन्याचं गणित सुटतं ते याच हिशेबाने.

वीस षटकांच्या सामन्यात एका षटकाला साधारण सव्वाचार मिनिटं धरतात. वीस षटकांची पंचाऐंशी मिनिटं, त्यात विश्रांतीच्या छोट्या खंडांची पाच, म्हणजे एक डाव दीड तासाचा. दोन डावांचे तीन तास आणि मधली वीस मिनिटं. साडेसातला सुरू झालेला सामना दहा पन्नासला संपावा, असा कागदावरचा हिशेब. पावसासाठी साखळी सामन्यांना वर एक तास जादा मिळत होता, म्हणजे शेवटची हद्द अकरा पन्नास. निकाल लागायला दोन्ही संघांना किमान पाच-पाच षटकं मिळायलाच हवीत. दहा षटकांची साडेबेचाळीस मिनिटं आणि मधली दहा मिनिटं मिळून त्रेपन्न मिनिटांच्या आसपास. अकरा पन्नासमधून ती वजा केली की उरतात दहा वाजून छप्पन्न-सत्तावन्न मिनिटं. म्हणूनच त्या रात्री सगळीकडे १०.५६ हा आकडा फिरत होता. त्या वेळेपर्यंत चेंडू पडला नाही, तर सामना होणारच नव्हता. आणि पावणेनऊपर्यंत सुरू झाला असता, तर षटकं अजिबात कापली गेली नसती, कारण जादा तासात आणि आखडलेल्या मध्यंतरात ती वेळ भरून निघत होती.

हे दोन आकडे हाताशी असले की संध्याकाळ सोपी होते. पावणेनऊच्या आत निवांत बसावं. त्यानंतर दर चार-सव्वाचार मिनिटांना जवळपास एक षटक कमी होत जातं. हा हिशेब दोन्ही डावांचा मिळून आहे, म्हणजे प्रत्येक संघाचं एक षटक जायला आठ-साडेआठ मिनिटं लागतात. आणि दहा वाजूनही पाऊस कोसळतोय, मैदानावर तळं दिसतंय, पाहणीची वेळ नाही, तर दिवा मालवायला हरकत नाही. पंचसुद्धा १०.५६ ची वाट बघत नाहीत. मैदान सुकवायला लागणारा वेळ मुदतीत बसत नाही असं दिसलं की ते आधीच निर्णय देतात. बंगळुरूत तसंच झालं. खरं तर चिन्नास्वामी मैदानाखाली पाणी ओढून घेणारी यंत्रणा आहे, देशातल्या सर्वात झटपट सुकणाऱ्या मैदानांपैकी ते एक. पण पाऊस थांबायलाच तयार नसेल, तर यंत्रणा काय करणार! दोन्ही संघांना एकेक गुण मिळाला आणि कोलकात्याचं आव्हान तिथेच संपलं.

गंमत अशी की त्यानंतर तीनच दिवसांनी, २० मेपासून, उरलेल्या साखळी सामन्यांचा जादा वेळ एक तासाऐवजी दोन तास करण्यात आला. कोलकात्याच्या व्यवस्थापनाने त्यावर नाराजी कळवली, आणि ती समजण्यासारखी होती. बाद फेरीच्या सामन्यांना दोन तास जादा असतातच. बंगळुरूच्या आकड्यांत एक तास मिळवा: पूर्ण षटकांची मुदत पावणेदहा. अहमदाबादला मुंबई-पंजाबचा पहिला चेंडू नेमका कधी पडला? पावणेदहाला. नऊ वाजता कंटाळून टीव्ही बंद केलेल्यांचा एक चांगला सामना हुकला, आणि तोही न कापलेला.

या मुदती दरवर्षी, स्पर्धेगणिक बदलतात. पाठ करून उपयोग नाही. पावसाच्या संध्याकाळी धावफलकाच्या पानावर पत्रकार स्वतःच त्या लिहितात. षटकं कधीपासून कापली जाणार आणि पाच षटकांची शेवटची वेळ कोणती, एवढ्या दोनच ओळी शोधायच्या.

तिसरी गोष्ट राखीव दिवस. २०२३ च्या अंतिम सामन्याला तो होता. त्या रविवारी नऊच्या सुमारास पाऊस थांबला, आच्छादनं निघाली, लोक उठून उभे राहिले, आणि पुन्हा धो धो सुरू झाला. अकराच्या सुमारास पंचांनी दिवस संपवला. नाणेफेक झालेली नव्हती, म्हणून सोमवारी सगळं पहिल्यापासून सुरू झालं. सोमवारी गुजरातने २१४ धावा केल्या, चेन्नईच्या डावाचे तीनच चेंडू पडले आणि पाऊस परत आला. खेळ पुन्हा सुरू झाला मध्यरात्री बारा वाजून दहा मिनिटांनी, पंधरा षटकांत १७१ चं लक्ष्य घेऊन. शेवटच्या दोन चेंडूंवर जडेजाने षटकार आणि चौकार मारला तेव्हा दीड वाजून गेला होता आणि तारीख ३० मे होती. २८ तारखेचा सामना ३० तारखेला संपला! ज्यांनी २८ चं पान उघडं ठेवलं होतं त्यांना तिथे काही सापडणार नव्हतं. राखीव दिवसाचं प्रक्षेपण अॅपवर वेगळ्या नावाने, वेगळ्या चौकटीत येऊ शकतं. तेव्हा जुन्या आठवणीच्या घंटीवर विसंबू नये, स्पर्धेचं नाव नव्याने शोधावं.

राखीव दिवस सगळ्यांना नसतो. अहमदाबादच्या त्या क्वालिफायरला नव्हता. तो धुऊन निघाला असता, तर साखळीत वर असलेला पंजाब न खेळताच अंतिम फेरीत गेला असता.

कधी कधी पाऊस नसतानाही खेळ थांबतो. ८ मे २०२५ ला धरमशालेत पंजाब-दिल्ली सामना पावसामुळे तासभर उशिरा, साडेआठला सुरू झाला आणि पंजाबच्या १ बाद १२२ धावा असताना अकराव्या षटकात दिवे गेले. मग मैदान रिकामं करायला लागले. दिव्यांत बिघाड असं पहिलं कारण सांगितलं गेलं. पण भारत-पाकिस्तान सीमेवर काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी अख्खी स्पर्धाच आठवड्यासाठी थांबवण्यात आली. अशा वेळी धावफलकावरचे शब्द नीट वाचावेत. Abandoned म्हणजे खेळ सोडून दिला, तो दिवस संपला. No result म्हणजे खेळ सुरू झाला होता पण निकालापुरता झाला नाही. Postponed असेल तर सामना नंतर होईल, तारीख कळेल. Suspended स्पर्धेला लागतं आणि तेव्हा पुढचं सगळं वेळापत्रक रद्द समजायचं, मग अॅपवरच्या चौकटी जुन्याच तारखा दाखवत असल्या तरी. धरमशालेचा सोडून दिलेला सामना पुढे २४ मे रोजी जयपूरला पहिल्या चेंडूपासून नव्याने खेळवला गेला. असं क्वचितच होतं.

एवढं सगळं करून धावफलक सातव्या षटकात आणि तुमच्या पडद्यावर नुसतं फिरणारं चक्र असेल, तर दोष मैदानाचा नाही. त्याच अॅपमध्ये दुसरं कुठलं तरी थेट चॅनल लावून बघावं. ते चालत असेल तर इंटरनेट ठीक आहे. मग अॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं, कारण ‘लवकरच सुरू होईल’ अशी जुनी चौकट अॅपमध्ये साठून राहिलेली असू शकते. ते चॅनलही चालत नसेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघावं. आणि सामन्याच्या नेमक्या पहिल्या चेंडूला, लाखो लोक एकदम आत शिरत असताना, लॉगिन अडकलं तर दर सेकंदाला बटण दाबत बसू नये. दोन मिनिटं थांबावं.

परदेशातल्या मराठी घरांत एक वेगळाच घोळ होतो. तिथे सामना ‘एक तास आधी सुरू झाला’ किंवा ‘अजून सुरूच झाला नाही’ असं वाटतं, आणि कारण ना पाऊस असतो ना अॅप. भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं, तिकडची मात्र पुढेमागे होतात, आणि आयपीएल नेमकी त्याच आठवड्यांत चालते. २०२५ ची स्पर्धा २२ मार्चला सुरू झाली. लंडनमध्ये पहिला आठवडा साडेसातचा सामना दुपारी दोनला लागत होता, ३० मार्चपासून तो तीनला लागू लागला. सिडनीत ५ एप्रिलपर्यंत रात्री एकला, नंतर बरोबर बाराला, आणि तोही कॅलेंडरवर दुसऱ्या दिवशी. म्हणजे शनिवारचा सामना शनिवारी शोधणाऱ्याला सापडणारच नाही, तो रविवारच्या पहिल्या मिनिटाला असतो. न्यूयॉर्कची घड्याळं ९ मार्चलाच पुढे गेली होती, त्यामुळे तिथे स्पर्धाभर सकाळचे दहा. दुबईत बदलच नाही, कायम संध्याकाळचे सहा. मार्च-एप्रिलच्या त्या दोन आठवड्यांत ‘गेल्या रविवारी याच वेळेला होता’ हा आधार धरू नये. भारतातली वेळ घ्यावी आणि त्या तारखेपुरता फरक नव्याने मोजावा.